तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडाची तपासणी: काय पाहावे, कोणाला आणि किती लवकर पुढे पाठवावे

प्रश्न: "मी उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. तीस वर्षांवरील सगळ्यांचे तोंड तपासायचे असते. तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडात काही ना काही पांढरे दिसतेच. सगळ्यांना पाठवले तर वरचे डॉक्टर वैतागतात, नाही पाठवले तर मला धास्ती वाटते. नेमके काय दिसले की पाठवायचे, किती लवकर, आणि पाठवूनही जे जात नाहीत त्यांचे काय करायचे?"

उत्तर:

समोरच्या चट्ट्याचे निदान करण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. तो चट्टा ल्युकोप्लाकिया आहे की लायकेन प्लॅनस, की नुसती तंबाखूने जाड झालेली कातडी, हे अनुभवी तज्ज्ञालाही अनेकदा डोळ्यांनी ठरवता येत नाही; ते बायोप्सी ठरवते. तुम्हाला ठरवायचे आहे ते एवढेच की या माणसाला पाठवायचे का, आणि पाठवायचे तर याच आठवड्यात की महिन्याभरात. पांढरा, खरवडून न निघणारा प्रत्येक चट्टा दंतशल्यचिकित्सकाने किंवा वैद्यकीय अधिकाऱ्याने एकदा पाहायलाच हवा. फरक घाईचा आहे. वरचे डॉक्टर वैतागतात ते बहुधा संख्येमुळे नव्हे, तर सगळ्या चिठ्ठ्यांवर "तोंडात चट्टा, कृपया पाहावे" एवढेच लिहिलेले असते म्हणून. त्यातली तातडीची कोणती हे त्यांना चिठ्ठीवरून कळत नाही.

ही तपासणी कोणासाठी उपयोगी आहे हे आधी स्पष्ट असू द्या. केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ साली एक मोठी चाचणी सुरू झाली. तीत ३५ वर्षे व त्यापुढील लोकांची तोंडे, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी, पुरेशा उजेडात डोळ्यांनी पाहून तपासली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. कोणतेच व्यसन नसलेल्यांना धरून सर्वांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा मात्र फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम उतरला नाही. त्यामुळे वेळ कमी आणि रांग मोठी असेल, तेव्हा तंबाखू, मिश्री, खर्रा, मावा, गुटखा किंवा सुपारी खाणाऱ्यांना आधी घ्यावे आणि त्यांच्या तोंडाला पुरती पाच मिनिटे द्यावीत. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षांवरील व्यक्तीची पाच वर्षांतून एकदा तपासणी सांगितली आहे. पण रोज तंबाखूचा बार भरणारा माणूस रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला दर महिन्याला तुमच्याकडे येत असेल, तर त्याचे तोंड वर्षातून एकदा पाहायला पाच वर्षे थांबण्याचे काही कारण नाही.

त्याच चाचणीतील आणखी एक आकडा तुमच्या तिसऱ्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. तपासणीत दोष आढळल्यामुळे ज्यांना डॉक्टरकडे पाठवले, त्यांपैकी सुमारे ६३ टक्केच प्रत्यक्ष पोहोचले. पाठपुराव्याची आखणी केलेल्या, मनुष्यबळ असलेल्या चाचणीत ही स्थिती होती. म्हणून पाहणे आणि पोहोचवणे या दोन्हींविषयी सारख्याच तपशिलाने लिहितो.

तपासणीची सुरुवात एका प्रश्नाने करा: "बार कुठे धरता, दाखवा." माणूस बोटाने नेमकी जागा दाखवतो. आपल्याकडच्या तंबाखू खाणाऱ्यांमध्ये कर्करोग फार मोठ्या प्रमाणात याच जागी, म्हणजे खालची हिरडी आणि गाल यांच्यामधल्या खाचेत आणि तिला लागून असलेल्या गालाच्या आतल्या बाजूला सुरू होतो. तंबाखू आणि चुना तासन्‌तास तिथेच मुरत असतात. गंमत अशी की घाईघाईने "आ करा" म्हणून टॉर्च मारला, तर तोंडातली हीच जागा सर्वांत कमी दिसते, कारण तोंड मोठे उघडले की गाल ताणून हिरडीला चिकटतो आणि खाच बंद होते. खाच पाहायची असेल तर तोंड अर्धेच उघडायला सांगून, गाल बाहेर आणि किंचित खाली ओढावा लागतो.

तयारी साधी, पण सोडून चालणारी नाही. कवळी काढायला लावा, पाण्याने खळखळून चूळ भरायला लावा, कारण तंबाखूचा थर आणि चुन्याचा पांढरा लेप यांखाली काहीही लपते. उजेड पांढरा आणि स्थिर हवा. डोक्याला बांधायचा दिवा असेल तर दोन्ही हात मोकळे राहतात. हातमोजे घाला, जीभ दाबायच्या दोन पट्ट्या किंवा दोन दंतआरसे घ्या आणि गॉझचा एक तुकडा जवळ ठेवा.

आधी चेहरा आणि मान बाहेरून पाहा, जबड्याखाली आणि मानेच्या दोन्ही बाजूंना गाठी चाचपून घ्या. मग तोंड किती उघडते ते मोजा. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधले अंतर पट्टीने मोजणे उत्तम. ते ३५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर तोंड उघडणे कमी झाले असे समजा. पट्टी नसेल तर रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का, हे पाहावे. यानंतर क्रम ठरलेला ठेवा, म्हणजे काही सुटत नाही: ओठांची आतली बाजू, उजवा गाल, उजवी खालची आणि वरची खाच, शेवटच्या दाढेमागची जागा, मग तेच डावीकडे, नंतर हिरड्या, जिभेचा वरचा भाग, गॉझने टोक धरून जीभ एकेका बाजूला ओढून तिच्या दोन्ही कडा अगदी मागपर्यंत, जीभ टाळूला लावायला सांगून तिची खालची बाजू आणि तोंडाचा तळ, आणि शेवटी टाळू. माणसाने दाखवलेल्या बाजूवर लक्ष खिळते आणि दुसरी बाजू राहून जाते, असे अनुभवी लोकांचेही होते. क्रम असतो तो त्यासाठीच.

पाहून झाल्यावर बोट फिरवणे हा अर्धा भाग अजून बाकी असतो. डोळ्यांना निरुपद्रवी वाटणाऱ्या चट्ट्याखाली बोटाला कडकपणा लागला तर अर्थ पूर्ण बदलतो. एक बोट आत आणि दुसऱ्या हाताची बोटे गालावर बाहेरून ठेवून, मधला भाग दोन्हींच्या चिमटीत तपासा. निरोगी गाल सगळीकडे सारखा मऊ लागतो. कर्करोगाच्या व्रणाची कड आणि तळ कडक, खाली रुतल्यासारखा लागतो, आणि हा कडकपणा व्रणाच्या दिसणाऱ्या कडेच्या पलीकडेही पसरलेला असू शकतो. तपासण्याआधी दाबताना दुखते का विचारून ठेवा, पण न दुखण्याला दिलाशाचे कारण मानू नका. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखतच नाही.

आता तुमच्या मुख्य अडचणीकडे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडात दिसणाऱ्या पांढऱ्याकडे येऊ. बार धरण्याच्या जागी पृष्ठभाग राखाडी-पांढरट, सुरकुतलेला, ओल्या चामड्यासारखा झालेला असतो. गाल ताणला की सुरकुत्या पसरतात, बोटाला मऊ लागते आणि त्याची सीमा बार धरण्याच्या जागेशी जुळते. हा तंबाखूमुळे होणारा स्थानिक बदल आहे. बार बंद केला तर तो बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत ओसरतो. सहा आठवड्यांनंतरही उरला तर त्याची बायोप्सी करायला हवी. ल्युकोप्लाकियाचा चट्टा अधिक ठाशीव पांढरा असतो, गॉझने घासून निघत नाही आणि त्याला दुसऱ्या कोणत्याही आजाराचे नाव देता येत नाही. घासून निघणारा पांढरा थर आणि खाली लालसर पृष्ठभाग असेल, तर बुरशीचा संसर्ग असण्याची शक्यता अधिक. गालाच्या दोन्ही बाजूंना जाळीदार पांढऱ्या रेषा असतील तर लायकेन प्लॅनसचा विचार होतो. ही ओळख पटली नाही तरी बिघडत नाही, कारण घासून न निघणारे सारे पांढरे शेवटी एकाच रांगेत जाते: महिन्याभरात दंतशल्यचिकित्सकाकडे.

खरा धोका रंगात आणि पोतात असतो. सारखा, सपाट, एकसंध पांढरा चट्टा तुलनेने कमी धोक्याचा. पांढऱ्यात लाल ठिपके मिसळले, पृष्ठभाग खडबडीत किंवा चामखिळीसारखा झाला, मध्येच सालपट निघून उघडे पडले, की धोका बराच वाढतो. आणि पूर्ण लाल, मखमली दिसणारा, आजूबाजूला जळजळीचे काहीच कारण नसलेला चट्टा, म्हणजे एरिथ्रोप्लाकिया, हा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत वाईट. असे चट्टे फार कमी आढळतात, पण आढळतात तेव्हा बायोप्सीत बहुतेक वेळा तीव्र डिस्प्लेसिया, म्हणजे कर्करोगाकडे झुकलेला पेशींमधला बदल, किंवा कर्करोगच निघतो. आपली नजर पांढऱ्यावर अडकते, कारण पांढरे उठून दिसते; लाल मात्र लाल तोंडात मिसळून जाते. तपासताना स्वतःला सतत विचारत राहा की लाल कुठे आहे.

सुपारी खाणाऱ्यांमध्ये सबम्युकस फायब्रोसिस वेगळा लक्षात ठेवावा लागतो. तिखट लागले की आग होते, गाल पांढुरके, संगमरवरासारखे फिकट दिसतात, बोटाला उभे ताठ पट्टे लागतात आणि वर्षागणिक तोंड कमी उघडते. हा रुग्ण तुमच्या महिन्याभराच्या रांगेतला. पण तोंड इतके कमी उघडत असेल की खाच आणि मागची बाजू दिसतच नाही, तर नोंदवहीत "दोष नाही" असे कदापि लिहू नका. "पूर्ण तपासणी शक्य झाली नाही" असे लिहून त्याला त्याच कारणासाठी पुढे पाठवा. तसेच तोंड उघडणे वर्षानुवर्षे हळूहळू कमी झाले असेल तर गोष्ट वेगळी, आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत झपाट्याने कमी झाले असेल तर वेगळी. दुसऱ्या प्रकारात गाठ जबडा हलवणाऱ्या स्नायूंपर्यंत गेल्याची शंका घ्यावी लागते आणि तो रुग्ण तातडीचा ठरतो.

याच आठवड्यात पाठवायचे कोण, तर हे: लाल किंवा लाल-पांढरा चट्टा, दोन आठवड्यांहून जुना, बरा न होणारा व्रण, कोणतीही वाढ किंवा कडक लागणारी जागा, मानेत कारणाशिवाय आलेली कडक गाठ, हिरडीचा आजार फारसा नसताना एकाच जागच्या दाढा हलू लागणे, दाढ काढल्यानंतर भरून न येणारी जखम, ओठ किंवा हनुवटी बधिर होणे. शेवटच्या तीन गोष्टी दातांच्या तक्रारी म्हणून येतात आणि म्हणूनच फसवतात. खालच्या खाचेतला कर्करोग हिरडीत शिरला की दाढ हलते, माणूस दाढ काढून घ्यायला जातो, दाढ निघते आणि मग जखम भरत नाही. तंबाखू खाणाऱ्याची हलती दाढ काढण्यापूर्वी तिच्याभोवतीची हिरडी आणि खाच नीट पाहिली जावी, एवढे आपल्या भागातल्या दातांच्या डॉक्टरांशी बोलून ठेवणेही उपयोगाचे आहे.

दोन आठवड्यांच्या नियमाचा गैरवापर कसा होतो तेही सांगतो. नियमाचा हेतू असा की दाताच्या टोकदार कडेने झालेली जखम किंवा साधे तोंड येणे कारण दूर झाल्यावर दोन आठवड्यांत भरून यावे, आणि न भरल्यास ते साधे नाही असे समजावे. प्रत्यक्षात मात्र रुग्ण आधीच दीड महिना जखम घेऊन येतो, आपण जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि मलम देऊन "पंधरा दिवसांनी या" म्हणतो, तो तीन आठवड्यांनी दुसरीकडे जातो, तिथे प्रतिजैविक मिळते आणि मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते. दोन आठवडे मोजायचे ते रुग्णाला जखम पहिल्यांदा जाणवली त्या दिवसापासून, आपल्या भेटीपासून नव्हे. टोकदार दात खरोखर जखमेला भिडत असेल तर तो घासून घ्यायला पाठवा आणि फेरतपासणीची तारीख तुमच्या वहीत लिहा; पण जखमेची कड कडक लागत असेल, तर टोकदार दात सापडला तरीही थांबू नका. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात. स्टिरॉइडचे मलम स्वतःहून देऊ नका. त्याने आजूबाजूची सूज उतरून चट्टा तात्पुरता बरा दिसू लागतो आणि बायोप्सी लांबते.

आता नेहमी येणाऱ्या रुग्णांवरून बेतलेले एक उदाहरण तपशिलाने पाहू. ४४ वर्षांचा माणूस, वीस वर्षे तंबाखू-चुना, दिवसाला आठ-दहा बार, डाव्या बाजूला धरतो. तक्रार काहीच नाही. मधुमेहाच्या तपासणीसाठी आला आहे. तोंड ३८ मिलिमीटर उघडते, मानेत गाठ नाही. डाव्या खालच्या खाचेत, पुढच्या बाजूला, सुमारे तीन सेंटिमीटर लांबीचा सुरकुतलेला पांढरट भाग आहे. बोटाला मऊ लागतो. इथे तपासणी थांबली असती तर त्याला बार बंद करायचा सल्ला देऊन महिन्याभराच्या रांगेत टाकले गेले असते. पण गाल आणखी बाहेर ओढून शेवटच्या दाढेपर्यंत पाहिल्यावर, पांढऱ्या भागाच्या मागच्या टोकाला, सुमारे आठ मिलिमीटरची लाल मखमली जागा दिसते, तिच्यावर पांढरे ठिपके आहेत. दुखत नाही. बोटाला ती आजूबाजूपेक्षा किंचित घट्ट लागते. हा रुग्ण याच आठवड्याचा.

चिठ्ठीत तपासणाऱ्या अधिकाऱ्याने लिहिले: "पुरुष, ४४. तंबाखू-चुना २० वर्षे, डावी खालची खाच. तिथे ३ सेंटिमीटर पांढरट, मऊ भाग. त्याच्या मागे, शेवटच्या दाढेजवळ, ८ मिलिमीटर लाल-पांढरा चट्टा, किंचित कडक. कालावधी माहीत नाही. तोंड उघडणे ३८ मिलिमीटर. मानेत गाठ नाही. मधुमेह तपासणी चालू. लाल भागाच्या बायोप्सीची विनंती." अशी चिठ्ठी वाचणारा डॉक्टर वैतागत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याची नजर योग्य जागी जाते.

ग्रामीण रुग्णालयातील दंतशल्यचिकित्सकाने चौथ्या दिवशी त्याला पाहिले, छायाचित्र घेतले आणि तिथली जागा बधिर करून लाल भागातून, कडेचा थोडा निरोगी भाग धरून, तुकडा घेतला. इथे तीन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. पहिली, तुकडा कुठून घेतला. पुढच्या पांढऱ्या, मऊ भागातून घेतला असता, तर अहवालात "हायपरकेराटोसिस, डिस्प्लेसिया नाही" असे आले असते. तो अहवाल त्या तुकड्यापुरता खरा आणि रुग्णापुरता घातक ठरला असता. दुसरी, चट्टा लहान होता म्हणून संपूर्ण काढून टाकला नाही. शंका असलेला चट्टा बायोप्सीच्या नावाखाली पूर्ण खरवडून काढला, की नंतर शस्त्रक्रिया करणाऱ्याला मूळ सीमा कुठे होती ते कळत नाही आणि त्याला अंदाजाने अधिक भाग काढावा लागतो. तिसरी, तुकडा लगेच दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये, त्याच्या आकारमानाच्या निदान दहापट द्रवात ठेवला आणि बाटलीवर नाव व जागा लिहिली. सलाईनमध्ये किंवा कोरड्या गॉझमध्ये जिल्ह्याला गेलेला तुकडा सडून येतो, अहवाल "नमुना अपुरा" असा लागतो, आणि पुन्हा बोलावलेला रुग्ण क्वचितच परत येतो.

अहवाल आला: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कर्करोग. त्या दिवसापासून वाट बदलली. दंतशल्यचिकित्सकाने त्या जागेवर पुढे काहीही न करता, दाढही न काढता, त्याला कर्करोगाची शस्त्रक्रिया होणाऱ्या केंद्रात पाठवले. सोबत अहवाल, बायोप्सीच्या आधीचे छायाचित्र आणि तुकड्याची काचपट्टी व ब्लॉक दिले, कारण मोठ्या केंद्रात ती पुन्हा पाहिली जाते आणि ती नसली की नवी बायोप्सी करावी लागते. तिथे गाल फुगवून सीटी स्कॅन केला गेला. गाल फुगवला की हवा मध्ये शिरून गाल आणि हिरडी वेगळी दिसतात, आणि आजार जबड्याच्या हाडापर्यंत गेला आहे का हे कळते. आजार हाडापर्यंत गेलेला नव्हता. कडेने निरोगी भाग घेऊन चट्टा काढला गेला आणि गाठ हाताला लागत नसतानाही मानेतल्या लसिकाग्रंथी काढल्या गेल्या. "मान चांगली असताना मानेचे ऑपरेशन कशाला" हा प्रश्न नातेवाईक तुम्हालाच येऊन विचारतील, म्हणून उत्तर माहीत असू द्या: मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगात मान आधीच साफ केलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते, तर गाठ येईपर्यंत थांबून मग शस्त्रक्रिया केलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ६७ टक्के होते. आपल्या या रुग्णाच्या ग्रंथींत आजार नव्हता आणि त्याची खोलीही कमी निघाली, त्यामुळे त्याला किरणोपचार द्यावे लागले नाहीत. हाच चट्टा वर्षभराने, जबड्यात शिरल्यावर सापडला असता, तर जबड्याचा भाग काढणे, पायाच्या हाडाने तो बांधणे आणि नंतर सहा आठवड्यांच्या आसपास किरणोपचार, अशी वाट असती.

आता न जाणाऱ्यांविषयी. माझ्या पाहण्यात लोक न जाण्याची कारणे तीन-चारच असतात आणि ती विचारल्याशिवाय बाहेर येत नाहीत. दुखत नाही, त्यामुळे निकड वाटत नाही. एक दिवसाची मजुरी बुडवून गेल्यावर "आज डॉक्टर नाहीत" असे ऐकण्याचा अनुभव असतो. आणि तुकडा काढला की आजार भडकतो, अशी पक्की समजूत असते. पहिल्यावर उपाय बोलण्यात आहे. "काही विशेष नाही, पण दाखवून या" असे म्हटले की माणूस जात नाही. "कॅन्सर वाटतोय" असे म्हटले की घाबरून भलतीकडे जातो, तेही तुम्ही न केलेले निदान सांगून. मी असे सांगतो: "इथे एक जागा बदललेली आहे. ती साधी असू शकते आणि पुढे कॅन्सर होणारीही असू शकते. डोळ्यांनी सांगता येत नाही. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तपासला की कळेल." आरशात ती जागा त्याला स्वतः पाहू द्या. न दुखणारी गोष्ट डोळ्यांनी पाहिल्यावर खरी वाटू लागते. तुकडा काढल्याने आजार पसरत नाही आणि तो काढल्याशिवाय कोणतेही रुग्णालय उपचार सुरू करणार नाही, हे त्याने विचारण्याची वाट न पाहता सांगा.

मजुरीवरचा उपाय तुमच्या फोनमध्ये आहे. रुग्ण समोर बसलेला असतानाच ग्रामीण रुग्णालयात फोन करून दंतशल्यचिकित्सक कोणत्या वारी असतात, त्या दिवशी बायोप्सी होते का, हे विचारा आणि वार-तारीख चिठ्ठीवर लिहा. तिथे बायोप्सी होतच नसेल तर मधला टप्पा गाळून थेट जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय दंत महाविद्यालयात पाठवणे योग्य. प्रत्येक जास्तीच्या टप्प्यावर काही माणसे गळतात. आधार कार्ड आणि शिधापत्रिका सोबत न्यायला सांगा, कारण शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी ती लागतात. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ते चिठ्ठीत लिहा, पण गोळ्या स्वतःहून बंद करायला सांगू नका.

पाठपुराव्यासाठी तातडीच्या रुग्णांची एक वेगळी वही ठेवा. तिच्यात "पाठवले" या रकान्याने नोंद पूर्ण झाली असे मानू नका. पुढे पोहोचला ती तारीख, बायोप्सी झाली ती तारीख, अहवाल काय आला आणि उपचार सुरू झाले ती तारीख, असे रकाने हवेत. सात दिवसांत पोहोचल्याची नोंद नसेल तर फोन करा. दोनदा फोन करूनही गेला नाही, तर आशाताईंना घरी पाठवा, आणि बोलणे शक्यतो पत्नीशी किंवा मोठ्या मुलीशी होऊ द्या. अहवालाची जबाबदारी कोणाची, हे बहुतेक ठिकाणी ठरलेले नसते: रुग्णाला वाटते रुग्णालय कळवेल, रुग्णालयाला वाटते रुग्ण येईल. बायोप्सीनंतर तीन आठवड्यांनी तुम्हीच विचारणा केलीत, तर ही फट बुजते.

तंबाखू सोडण्याविषयी इथे फक्त तपासणीशी संबंधित तेवढेच लिहितो. चट्टा आरशात दाखवल्यानंतरची पाच मिनिटे माणूस जितके ऐकतो तितके एरवी ऐकत नाही, म्हणून १८००-११२-३५६ हा राष्ट्रीय सहाय्यक्रमांक तेव्हाच द्यावा. मात्र "आधी तंबाखू सोडा, मग पाठवतो" अशी अट घालू नये. तातडीच्या रुग्णासाठी सहा आठवडे थांबून चट्टा ओसरतो का पाहणे हा पर्यायच नाही. ती मुभा केवळ बार धरण्याच्या जागच्या मऊ, एकसंध, सुरकुतलेल्या पांढऱ्या भागासाठी आहे.

टोल्युडीन ब्लू या निळ्या रंगाने जागा रंगवून पाहण्याविषयी मला बरेच जण विचारतात. दंतशल्यचिकित्सकाला मोठ्या चट्ट्यात तुकडा कुठून घ्यावा हे ठरवायला त्याची मदत होते. पण साध्या जखमाही तो रंग धरतात आणि काही धोकादायक चट्टे धरत नाहीत, त्यामुळे उपकेंद्रात पाठवायचे की नाही हे त्यावरून ठरवू नये. डोळे, उजेड आणि बोट यांनी आलेली शंका रंग न चढल्याने मिटत नाही.

शेवटचा मुद्दा अहवाल चांगला आलेल्यांचा. "डिस्प्लेसिया नाही" असे आलेला रुग्ण दर सहा महिन्यांनी तुमच्याकडे परत यायला हवा, आणि सौम्य किंवा मध्यम डिस्प्लेसियाचा रुग्ण तज्ज्ञाने सांगितलेल्या अंतराने, बहुधा दर तीन महिन्यांनी, त्यांच्याकडे जायला हवा. चट्टा काढून टाकला तरीही, कारण वीस वर्षे तंबाखूत भिजलेल्या तोंडात शेजारच्या जागीही बदल झालेले असतात. फेरतपासणीत मागच्या वेळचे छायाचित्र किंवा मिलिमीटरमधली नोंद समोर ठेवा. आकार वाढला, लाल भाग नव्याने दिसला, पृष्ठभाग खडबडीत झाला किंवा बोटाला घट्ट लागू लागले, तर आधीचा चांगला अहवाल बाजूला ठेवून त्याला नव्या रुग्णासारखे त्याच आठवड्यात पाठवा, आणि चिठ्ठीत आधीच्या बायोप्सीची तारीख, तुकडा कोणत्या भागातून घेतला होता ते आणि त्यानंतर नेमके काय बदलले ते लिहा.